घरी जाऊन इंजेक्शन, ड्रेसिंग : कुठवर करायचं आणि पैसे किती घ्यायचे?

सिस्टर विश्रामबाग

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते. जीएनएम झालेय, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे आणि मिरजेला हाडांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत. सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर नाइट ड्युट्या झेपेनात म्हणून नोकरी सोडली. तेव्हापासून अपार्टमेंटमधले आणि मागच्या गल्लीतले लोक बोलावतात. कुणाला बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन, कुणाचं ड्रेसिंग, कुणाचे ऑपरेशननंतरचे टाके. आता हे नीट, रीतसर करावं असं मनात आहे. त्याआधी नुकताच घडलेला एक प्रसंग सांगते, म्हणजे माझा प्रश्न कळेल.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एक काकू बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, बॉल बदलला. पाचव्या दिवशी घरी आल्या. घरात त्या आणि काका, मुलगा पुण्याला. डिस्चार्ज कार्डावर एनॉक्साप्रिन ४० मिलिग्रॅम, रोज एक, २८ दिवस असं लिहिलं होतं. हे रक्तात गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीखाली द्यायचं इंजेक्शन. ते द्यायला जवळच्या एका दवाखान्यातला मुलगा येत होता. मला बोलावलं होतं फक्त ड्रेसिंगला.

मी गेले तो दहावा दिवस होता. जखम छान कोरडी होती, काही काळजी नव्हती. पण काकू म्हणाल्या, "कालपासून पोटरी भरून आल्यासारखी वाटते." काकांनी तेवढ्यात कपाटातून दुखणं थांबवायचं डायक्लोफिनॅकचं अँप्यूल काढलं. "मेडिकलमधून आणून ठेवलंय, आलीच आहेस तर टोचून टाक. आणि संध्याकाळी माझी बहीण येऊन तेल लावून चोळून देणार आहे."

मी दोन्ही पोटऱ्यांना हात लावून बघितला. ऑपरेशनच्या बाजूची गरम आणि ताठ होती, दाबल्यावर काकू कळवळल्या. गुडघ्याखाली पुढे जो हाडाचा उंचवटा असतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पायांना टेप लावली. फरक साडेतीन सेंटिमीटरचा आला. मग एनॉक्साप्रिनचं खोकं मागवलं. जेवढ्या सिरिंज संपायला हव्या होत्या त्याच्या निम्म्याच संपलेल्या. काकांनी मान खाली घालून सांगितलं, की सिरिंज महाग आणि तो मुलगा प्रत्येक खेपेचे १५० घेतो, म्हणून ते एक दिवसाआड देत होते. डॉक्टरांना विचारलं नव्हतं.

डायक्लोफिनॅक मी दिलं नाही. तेल लावायला सक्त मनाई केली. सर्जनच्या फोनवर आकडे सांगितले, त्यांनी लगेच पाठवा म्हणून सांगितलं. डॉपलरमध्ये मांडीच्या शिरेत गुठळी निघाली. काकू दोन दिवस ॲडमिट राहून औषध बदलून घरी आल्या, आता ठीक आहेत.

तर माझे प्रश्न दोन. मी काय करायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे लोकांना आधीच कसं सांगावं? आणि पैसे किती व कसे घ्यावेत, की लोक पैसे वाचवायला डोस गाळणार नाहीत? संक्रांतीला जिच्या घरी हळदीकुंकवाला जाते, तिच्याकडे इंजेक्शनचे पैसे मागताना अजून माझी जीभ अडखळते.

कृष्णाकाठ

ताई, काकू वाचल्या हे वाचून बरं वाटलं. पण डायक्लोफिनॅक का नाही दिलं? आमच्याकडे तर दुखलं की तेच. दुखण्याला एक इंजेक्शन दिल्याने गुठळी थोडीच वाढली असती?

सिस्टर विश्रामबाग

@कृष्णाकाठ, दोन कारणं. एनॉक्साप्रिन चालू असताना रक्त सहज थांबत नाही. अशा माणसाच्या कुल्ल्याच्या स्नायूत सुई खुपसली तर आत रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते. त्यात डायक्लोफिनॅक जठरालाही लागतं, म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती दुप्पट. दुसरं कारण त्याहून मोठं. ते दिलं असतं तर काकूंचं दुखणं चार तास दबलं असतं, काका निश्चिंत झाले असते आणि रात्री आत्याबाईंनी ती पोटरी चोळली असती. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर माणूस बसल्या जागी धापा टाकायला लागतो. तेव्हा १०८ शिवाय पर्याय नसतो.

बाळासाहेब मिरज

मी ३० वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो. तुमचं बरोबर आहे, पण एनॉक्साप्रिनच्या त्या औषध भरून आलेल्या तयार सिरिंजबद्दल एक सांगतो. हवेचा बुडबुडा आधी बाहेर काढायचा, नाहीतर शिरेत हवा जाते. हे नव्या पोरांना कुणी शिकवत नाही. आणि दिल्यावर कापसाने चांगलं चोळायचं म्हणजे औषध पसरतं.

मेट्रनबाई

बाळासाहेब, तुमच्या काचेच्या सिरिंजच्या जमान्यात दोन्ही बरोबर होतं. बाटलीतून औषध ओढलं की हवा काढायचीच, ते आजही खरं आहे. पण ४० च्या तयार सिरिंजमध्ये तो बुडबुडा मुद्दाम ठेवलेला असतो. औषध आत गेल्यावर तो मागून जातो आणि सुईत उरलेला थेंबही आत ढकलतो. तुम्ही तो काढायला गेलात की औषधाचा थेंब बाहेर पडतो आणि डोस कमी जातो. आणि इथे शिरेत द्यायचंच नाहीये, कातडीखालच्या चरबीत द्यायचंय. चोळलं तर पोटावर तळहाताएवढा काळानिळा डाग पडतो.

बेंबीपासून दोन इंच सोडायचे, कातडीची चिमूट धरायची, सुई सरळ उभी घालायची, औषध संपेपर्यंत चिमूट सोडायची नाही. आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. एवढंच.

सिस्टर, तुमच्या टेपबद्दल मात्र एक बोलते, राग मानू नका. खुब्याचं ऑपरेशन झालेला पाय तसाही सुजतो, कधी चांगला सुजतो. त्यामुळे नुसत्या साडेतीन सेंटिमीटरवर मी गुठळी म्हणणार नाही. तुम्ही हात लावून गरम लागते का, दाबल्यावर दुखते का बघितलं, दुखणं नवीन आहे का विचारलं आणि डोस चुकल्याचं शोधलंत, या सगळ्याची बेरीज महत्त्वाची. टेपचा खरा उपयोग रोज मोजून लिहून ठेवलं तर होतो. काल किती होतं हे माहीत नसेल तर आजचा आकडा अर्धा मुका.

सिस्टर विश्रामबाग

बाई, पटलं. आता ऑपरेशनच्या पेशंटकडे पहिल्याच भेटीत दोन्ही पोटऱ्यांचं माप वहीत लिहिते.

नीलांबरी

प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या आजीसाठी बाई हवी आहे. सकाळी ८ ते रात्री ८. अंघोळ, जेवण, डायपर, थोडा स्वयंपाक. ताई, तुमचा महिन्याचा रेट काय? तुम्ही ट्रेंड आहात म्हणजे जास्त असेल ना?

सिस्टर विश्रामबाग

@नीलांबरी, मी ते काम करत नाही हो. तुम्हाला सांभाळणारी मावशी हवी आहे, त्या ब्युरोतून मिळतात. मी वीस-तीस मिनिटांचं काम करून परत येते. मात्र एक बघा, ब्युरोची बाई कितीही चांगली असली तरी तिच्याकडून इन्शुलिनचा डोस ठरवून घेऊ नका आणि नाकातली नळी बदलून घेऊ नका. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं आणि कुणी गळ घातली तर त्या नाही म्हणत नाहीत.

औषधवाला

माझं मेडिकल आहे, गाव सांगत नाही. त्या काकांना चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅकचं अँप्यूल दिलं त्या भावाबद्दल मी काय बोलू. शेड्यूल एचमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. पण काउंटरवर ओळखीचा माणूस आला की काय होतं ते मलाही माहीत आहे.

मला सिस्टरना विचारायचंय, सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनचं काय करता? अर्धा कोर्स हॉस्पिटलमध्ये आणि "उरलेली तीन घरी घ्या" अशा चिठ्ठ्या रोज येतात. लोक विचारतात, देणारी कोण आहे?

सिस्टर विश्रामबाग

@औषधवाला, उरलेले डोस देते, पण अटी घालून. चिठ्ठी ताजी हवी, त्यावर औषध, डोस, किती वेळा, किती दिवस आणि शिरेतून की स्नायूत हे स्पष्ट हवं. पहिला डोस हॉस्पिटलमध्ये झालेला हवा आणि तेव्हा अंगावर पुरळ, खाज, धाप काही आलेलं नसावं. शिरेतून द्यायचं तर हॉस्पिटलमध्ये लावलेली सुई चांगली असेल तर त्यातून. हात सुजलाय, लाल झालाय, दुखतोय, तर मी ती काढून टाकते आणि परत पाठवते. अँटिबायोटिकचा पहिला डोस मी कुणाच्याही घरी देत नाही, सख्ख्या भावाच्याही नाही. लोक म्हणतात, "कातडीत टेस्ट करून बघ ना." टेस्ट कोरी आली म्हणजे रिअॅक्शन येणारच नाही असं नसतं. आणि आली तर घरात ऑक्सिजन नसतो, डॉक्टर नसतो आणि लिफ्टही बंद असते.

सलाईनचंही तसंच. "आईला जेवण जात नाही, एक बाटली लावून जा, तरतरी येईल." ५०० मिलीच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये साखर २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे. सरबतात घालून पाजा, तेवढंच पोटात जाईल. म्हाताऱ्या माणसाचं हृदय कमजोर असेल तर तेच पाणी फुप्फुसात उतरतं. हे ऐकून दोन घरं माझ्यावर रुसली आहेत. त्यांना बाटली लावून देणारा दुसरा मिळाला.

तासगावचा पोरगा

ताई नमस्कार. आमच्या बाबांच्या पायाच्या अंगठ्याला जखम हाय. शुगर हाय १० वर्षं. द्राक्षाच्या बागंत काय तरी टोचलं असंल, त्यांना कळलंच न्हाई. आता अंगठ्याचं टोक काळं पडलंय आणि वास येतोय. गावातल्या माणसाकडनं रोज हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून ड्रेसिंग करतोय. बाबा म्हणत्यात दुखत न्हाई, मग काय काळजी. तुम्ही तासगावला येऊन ड्रेसिंग कराल का? रेट काय पण असू दे.

मेट्रनबाई

बाळा, हे ड्रेसिंगचं काम नाही. आज, म्हणजे आजच, सर्जनला दाखव. साखरेने पायाची जाणीव गेलेली असते, म्हणून दुखत नाही. दुखत नाही हाच धोका आहे. काळं पडणं म्हणजे तिथलं मांस मेलं, आणि वास म्हणजे संसर्ग. पावलातल्या नाड्या लागतात का, हाडापर्यंत गेलंय का, हे बघितल्याशिवाय वरून पट्ट्या बांधत राहिलं तर आज अंगठा आहे, उद्या पाऊल जाईल. आणि ते फेसाळणारं पाणी रोज टाकणं थांबव. नवीन येणारं चांगलं मांसही त्याने जळतं.

ताप आहे का? घोट्यापर्यंत लाली चढलीय का? असेल तर रात्र काढू नकोस. सांगली किंवा मिरजेच्या सरकारी रुग्णालयात चल.

तासगावचा पोरगा

लाली हाय. ताप बघितला न्हाई. निघतो.

कृष्णाकाठ

सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत राहून जखमेला हळद लावायची नाही म्हणतात ही डॉक्टरमंडळी! आमची आजी प्रत्येक जखमेवर हळद दाबायची.

सिस्टर विश्रामबाग

@कृष्णाकाठ, आजी भाजी चिरताना कापलेल्या बोटाला लावायच्या. ऑपरेशनच्या टाक्यांवर हळद लावली की मला खालची लाली दिसत नाही, तिथेच घोळ होतो. जखम सुधारतेय की बिघडतेय हे मी रंगावरून आणि पाझरण्यावरून ओळखते. स्वच्छ टाक्यांना सलाईनने पुसून कोरडी गॉझ पुरते. हॉस्पिटलने वॉटरप्रूफ पट्टी लावली असेल आणि ती कोरडी, घट्ट असेल तर ती रोज उघडायची गरजच नसते. लोकांना वाटतं, रोज उघडलं नाही म्हणजे बाई आळशी. खरं तर दर उघडण्याला जंतूंसाठी एक दार उघडतं.

बाळासाहेब मिरज

बुडबुड्याचं मान्य, मेट्रनबाई. आता पैशांचं बोला, मूळ विषय राहूनच गेला. माझ्या मते शेजाऱ्यांकडून घेऊच नये. एक तर शेजारधर्म. दुसरं म्हणजे पैसे घेतले की ग्राहक कायदा लागतो. फुकट केलं तर कुणी कोर्टात खेचत नाही. आमच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं.

वकील नाही मी

बाळासाहेब, नावाप्रमाणे मी वकील नाही, पण एका वकिलाकडे टायपिंग केलं आहे. अर्धं बरोबर आहे. पैसे घेऊन सेवा दिली तर ग्राहक आयोगाचं दार उघडतं, सरसकट फुकट सेवेला ते लागत नाही. पण फुकट दिलं म्हणून हलगर्जीपणा माफ होत नाही. चुकीच्या जागी सुई टोचून पाय लुळा पडला तर दिवाणी दावाही होतो आणि पोलीस तक्रारही. मग फुकट करून तुम्ही वाचवलं काय? उलट, फुकट दिलं की माणूस पावती ठेवत नाही, नोंद ठेवत नाही, आणि भांडण झालं तर हातात काहीच नसतं.

सिस्टरांचा खरा कायदेशीर धोका वेगळा आहे. डॉक्टरची चिठ्ठी नसताना आपल्या मनाने औषध ठरवून दिलं, तर तो डॉक्टरकीचा धंदा झाला. तिथे नर्सिंगची नोंदणी कामाला येत नाही.

मेट्रनबाई

बरोबर. म्हणून वही. तारीख, वेळ, औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत, डोस, कुठे दिलं, डावं की उजवं, आणि घरातल्या माणसाची सही. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये. मी रिटायर झाल्यावर शेजारात काही वर्षं हे केलं, ती वही आजही कपाटात आहे.

पुणेकर मुलगा

मी वरच्या काकूंचा मुलगा नाही, पण अगदी तसाच आहे. आई-बाबा सांगलीत, मी हिंजवडीत. ताईंनी दराबद्दल विचारलंय म्हणून आमच्या बाजूचं लिहितो. मला स्वस्त नकोय. मला आधी कळायला हवंय की एकूण किती होणार. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा येणारा माणूस कधी १०० म्हणायचा, कधी २००, कधी "द्या तुम्हाला वाटतील ते". या "वाटतील ते" ने बाबांचा जीव कासावीस व्हायचा. ते मग पुढच्या वेळी बोलवायचेच नाहीत.

सिस्टर विश्रामबाग

@पुणेकर मुलगा, काकांचं नेमकं हेच झालं होतं. १५० गुणिले २८ म्हणजे ४,२०० रुपये फक्त टोचण्याचे, वर सिरिंजची किंमत वेगळी. हे गणित त्यांनी एकट्याने रात्री केलं आणि निम्मं करून टाकलं. सिरिंजच्या किमतीवर माझा हात नाही. पण टोचण्याच्या खर्चावर आहे.

त्यामुळे मी असं ठरवतेय. एनॉक्साप्रिन, इन्शुलिन ही घरच्या माणसाला शिकवण्यासारखी इंजेक्शनं आहेत. पहिले तीन दिवस मी जाईन. पहिल्या दिवशी मी देईन आणि ते बघतील. दुसऱ्या दिवशी ते देतील, मी हात धरून. तिसऱ्या दिवशी ते देतील, मी नुसती बघेन. तिन्ही मिळून ४०० रुपये. पुढे आठवड्यातून एकदा जाऊन सिरिंज मोजायच्या, पोट आणि पोटऱ्या बघायच्या, १०० रुपये. म्हणजे २८ दिवसांचे चार-पाच हजार न होता सातशेपर्यंत होतील. आणि सिरिंज मोजण्याची भेट त्यात धरलेलीच आहे, कारण काकांसारखं कुणीही करू शकतं.

ज्यांना टोचवत नाही, हात थरथरतो, त्यांना रोजचे ८० रुपये. सलग असेल तर एकरकमी सांगेन. ड्रेसिंग छोटं असेल तर २००, मोठं असेल तर ३५०. सामान त्यांनीच आणायचं, बिल त्यांच्याकडे. कुठल्या मेडिकलमधून आणा हे मी सांगणार नाही.

औषधवाला

शेवटचं वाक्य सोन्याचं. काही ठिकाणी येणाऱ्या माणसाचा कट असतो, त्यामुळे जिथे साधी पेपर टेप चालली असती तिथे महागाची पट्टी लिहून दिली जाते. मी देत नाही म्हणून माझ्याकडे पाठवणंच बंद झालं, असाही अनुभव आहे.

कृष्णाकाठ

माफ करा, पण शिकवून टाकलं तर तुमचं पोट कसं चालणार ताई? ८० रुपये रोजचे सोडून ४०० मध्ये काम संपवताय.

सिस्टर विश्रामबाग

अपार्टमेंटमध्ये आणि गल्लीत मिळून चालतंय. लांब जायचं तर पेट्रोल वेगळं. आणि खरं सांगू, रोज संध्याकाळी सहा वाजता पाच घरी एनॉक्साप्रिन द्यायला पळणं हे एकट्या बाईच्या आवाक्यातलंही नाही. वेळ रोज तीच पाळावी लागते. त्या वेळात टाके, मोठ्या जखमा, लघवीची नळी अशी खरंच नर्स लागणारी कामं होतात.

मेट्रनबाई

लघवीच्या नळीचं मात्र जपून. बायकांची बदलता येते, चिठ्ठी असेल तर. पुरुषांची, विशेषतः प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची, मी घरी कधीही घालू देणार नाही. अडकली आणि नळी आत धरून ठेवणारा फुगा मधेच फुगवला तर रक्त थांबत नाही.

सिस्टर विश्रामबाग

मान्य. बायकांची, तीही आधी बदललेली असेल तरच. पुरुषांना थेट हॉस्पिटल.

वकील नाही मी

एक राहिलं. रात्रीचं काय? अकरा वाजता बेल वाजली की?

सिस्टर विश्रामबाग

रात्री साडेनऊनंतर ठरलेलं काम करत नाही. ड्रेसिंग भिजलं, पट्टी सुटली तर येते आणि १०० जास्त घेते. छातीत दुखतंय, धाप लागलीय, बेशुद्ध पडलेत, तर मी येईन, पण १०८ ला फोन आधी त्यांनी करायचा. माझी वाट बघत बसायचं नाही.

मेट्रनबाई

मला हे १०० जास्त पटत नाही. रात्रीची पट्टी सुटली तर ते तुमच्याच कामाचा भाग आहे, कधी कधी तुम्ही नीट बांधली नव्हती म्हणूनही सुटते. आजारी माणसाच्या रात्रीवर दर लावू नये.

पुणेकर मुलगा

बाई, उलट मला वाटतं १०० असावेत. नाहीतर लोक सकाळचं काम रात्री बोलावून करतात. आमच्या बाबांनीच केलं असतं.

नीलांबरी

वापरलेल्या सुयांचं काय करता? आमच्या इथे घंटागाडीवरच्या ताईंना कचऱ्यातली सुई लागली होती. तिच्या नशिबाने काही झालं नाही, पण महिनाभर बिचारी घाबरून होती.

सिस्टर विश्रामबाग

@नीलांबरी, चांगला प्रश्न. सुईला परत टोपण लावायचं नाही, टोपण लावतानाच बोटाला लागते. जाड प्लॅस्टिकचा, झाकण घट्ट बसणारा डबा प्रत्येक घरी ठेवायला सांगते. सुई थेट त्यात. तीन चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद. माझे डबे सध्या एका ओळखीच्या हॉस्पिटलमध्ये त्यांच्या सुयांच्या पांढऱ्या डब्यात जातात. ते "किती दिवस घेऊ शकू माहीत नाही" म्हणतात, कारण त्यांना नेणाऱ्या कंपनीला वजनावर पैसे द्यावे लागतात. गल्लीतल्या घरांसाठी कायमची सोय मला अजून सापडलेली नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

आणि कुणाला लागलीच तर दाबून रक्त काढत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. कावीळ-बीची लस घेतलीय का हेही तिथे विचारतात.

औषधवाला

डब्यांचं मी आमच्या संघटनेत विचारतो. मेडिकलवाल्यांनी गोळा करायला हरकत नसावी, पण खर्च कुणी करायचा इथेच गाडी अडेल.

तासगावचा पोरगा

ताई, मेट्रनबाई, मिरजेला आलो होतो. बाबांचा अंगठा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले आणखी चार-पाच दिवसांनी आला असता तर पाऊल गेलं असतं. आता घरी आणलंय. जखम उघडी ठेवलीय, टाके घातले न्हाईत, रोज ड्रेसिंग सांगितलंय. आता तरी तासगावला याल का?

सिस्टर विश्रामबाग

लवकर नेलंत हे फार चांगलं झालं. रोज तासगावला येणं मला जमणार नाही आणि तुम्हालाही परवडणार नाही. पेट्रोल धरून एका खेपेचे ५०० होतील, आणि उघडी जखम भरायला महिने लागतात.

असं करा. रविवारी मी एकदा येते. कार्ड आणि डॉक्टरांनी दिलेलं सामान पुढ्यात ठेवा. घरात कुणाचा हात स्थिर आहे? वहिनी असतील तर त्यांना शिकवते. जखम सलाईनने धुवायची कशी, गॉझ दाबून न भरता सैल कशी ठेवायची, पट्टी पावलाला आवळून न बांधता कशी गुंडाळायची. त्यांनी माझ्यासमोर एकदा करून दाखवायचं. त्यानंतर रोज पट्टी बदलताना जखमेचा एक फोटो, उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून, मला पाठवायचा. फोटो बघण्याचे पैसे नाहीत. आठवड्याला सर्जनकडे जाणं मात्र चुकवायचं नाही, माझा फोटो त्याच्या बदल्यात नाही.

शुगर किती आहे आता?

तासगावचा पोरगा

सकाळी उपाशीपोटी २१०. बहीण करंल ड्रेसिंग, ती घाबरत न्हाई.

सिस्टर विश्रामबाग

२१० वर जखम नीट भरत नाही. डॉक्टरांनी इन्शुलिन लिहिलंय का कार्डावर? लिहिलं असेल तर तेही रविवारीच शिकवते, वेगळे पैसे नको. लिहिलं नसेल तर रविवारपर्यंत थांबू नका, उद्याच फोन करून डॉक्टरांना हा आकडा सांगा.

तासगावचा पोरगा

लिहिलंय. सकाळ-संध्याकाळ. आणलंय पण अजून चालू केलं न्हाई, कुणाला येत न्हाई म्हणून.

सिस्टर विश्रामबाग

मग रविवार नको. उद्या सकाळी सात वाजता, नाश्त्याच्या आधी येते. बाटली फ्रीजमध्ये आहे ना? बर्फाच्या कप्प्यात ठेवली असेल आणि गोठली असेल तर ती फेकून नवीन आणून ठेवा. चिठ्ठीचा फोटो आत्ताच पाठवा, बाटलीवरचे युनिट आणि सिरिंजवरचे युनिट जुळतात का ते मला निघायच्या आधी बघायचंय.